फोटोतला अनुचित समाकल अभिसारी आहे की अपसारी, हे कसे ठरवावे? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वहीतल्या किंवा पुस्तकातल्या गणिताचा फोटो समोर येतो, त्यात एका टोकाला अनंताचे चिन्ह असते किंवा छेद कुठेतरी शून्य होत असतो, आणि प्रश्न एवढाच असतो की हा समाकल, म्हणजे इंटिग्रल, अभिसारी आहे की अपसारी. पुढील उत्तरे बहुतांशी एकाच गणिताभोवती गुंफली आहेत:

∫₀^∞ dx / √(x³ + x)

हे गणित निवडण्याचे कारण असे की यात वरची सीमा अनंत आहे आणि खालच्या सीमेपाशी फलनही अमर्याद वाढते. शिवाय फोटोतली एक रेघ थोडी आखूड वाचली, तर त्याचे उत्तर पूर्णपणे उलटते.

समाकल "अनुचित" केव्हा म्हणायचा, आणि तो अभिसारी आहे याचा नेमका अर्थ काय?

नेहमीच्या निश्चित समाकलात दोन गोष्टी गृहीत असतात: अंतराल मर्यादित लांबीचे असते, आणि ज्याचे समाकलन करायचे ते फलन, म्हणजे समाकल्य, त्या अंतरालावर मर्यादित राहते. यांपैकी एक जरी गोष्ट सुटली, तरी तो अनुचित समाकल होतो आणि त्याला थेट अर्थ उरत नाही; तो सीमेच्या, म्हणजे लिमिटच्या, साहाय्याने द्यावा लागतो. वरचे टोक अनंत असेल तर आधी एखाद्या मर्यादित b पर्यंत समाकलन करायचे आणि मग b अनंताकडे नेल्यावर ते मूल्य एखाद्या ठरावीक संख्येकडे जाते का, हे पाहायचे. समाकल्य ० पाशी अमर्याद असेल तर ० ऐवजी एखाद्या लहान धन a पासून सुरुवात करायची आणि a ला ० कडे न्यायचे. ती सीमा मर्यादित संख्या असेल तर समाकल अभिसारी, नसेल तर अपसारी.

"मूल्य काय" आणि "अभिसारी आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वरच्या गणितातल्या समाकल्याचे प्रतिअवकलज, म्हणजे ज्याचे अवकलन केल्यावर ते मिळेल असे फलन, प्राथमिक फलनांत लिहिताच येत नाही. तरीही समाकल अभिसारी आहे की नाही, हे चार ओळींत सिद्ध करता येते. म्हणून समाकलन करता येत नाही एवढ्यावरून गणित सोडून देऊ नये.

फोटो हातात आल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

आधी गणित नेमके काय आहे, ते स्वतःच्या हाताने कागदावर स्वच्छ उतरवून घ्यावे. अभिसरणाचा निर्णय घातांकाच्या अगदी लहान फरकावर अवलंबून असतो, आणि फोटोत नेमक्या याच खुणा पुसट होतात. माझ्या अनुभवात चुकीच्या उत्तरांचा मोठा भाग कसोटी चुकल्यामुळे नव्हे, तर गणित चुकीचे वाचल्यामुळे येतो.

चार जागा विशेष काळजीने पाहाव्यात. पहिली जागा वरच्या सीमेची: कलता कॅमेरा आणि लहान छपाई यांमुळे ∞ आणि 8 एकमेकांसारखे दिसतात, आणि 8 असेल तर अनंताची अडचण मुळातच नसते. दुसरी जागा खालच्या सीमेची, कारण ती बहुधा फोटोच्या कडेला येते आणि कापली जाते. 0 आणि 1 यांत किती अंतर आहे, ते पुढे दिसेलच. तिसरी जागा वर्गमुळाच्या आडव्या रेघेची: ती कुठपर्यंत पसरली आहे, याकडे पाहावे. चौथी जागा लहान आकड्यांची आणि चिन्हांची, म्हणजे वर्गाचा 2 कोणाच्या डोक्यावर आहे आणि मधले चिन्ह अधिक आहे की उणे.

वाचलेले गणित योग्य आहे का, याचा एक सोपा पडताळा असा की समाकल्य संपूर्ण अंतरालावर वास्तव असायला हवे. समजा, आपल्या गणितातले चिन्ह उणे वाटले आणि छेद √(x³ − x) असा वाचला, तर ० आणि १ यांच्या दरम्यान x³ − x ऋण होते आणि वर्गमूळ वास्तव राहत नाही. खालची सीमा 0 स्पष्ट दिसत असेल तर चिन्ह अधिकच असले पाहिजे. चिन्ह उणे आहे याची खात्री असेल तर खालची सीमा 0 असणार नाही, बहुधा 1 असेल.

अडचणीच्या जागा शोधायच्या कशा?

प्रत्येक अनंत टोक ही एक अडचणीची जागा. त्यानंतर छेद कुठे शून्य होतो, लॉगरिदम कुठे अमर्याद होतो, स्पर्शिकेसारखे (tan) फलन कुठे फुटते, हे संपूर्ण अंतरालावर पाहायचे, फक्त टोकांवर नव्हे. आपल्या गणितात छेद √(x³ + x) = √(x(x² + 1)) आहे. x² + 1 कधीच शून्य होत नाही, म्हणून छेद केवळ x = 0 येथे शून्य होतो. अडचणीच्या जागा दोन: 0 आणि ∞.

अडचणीच्या जागा एकाहून अधिक असतील, तर समाकलाचे असे तुकडे करावेत की प्रत्येक तुकड्यात एकच अडचण राहील. येथे १ पाशी तोडणे सोयीचे आहे. २ पाशी तोडले तरी निर्णय बदलत नाही, कारण मधल्या मर्यादित भागाचे मूल्य ही मर्यादित संख्याच असते. मूळ समाकल अभिसारी ठरण्यासाठी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे अभिसारी असावा लागतो. एक जरी तुकडा अपसारी निघाला, तरी संपूर्ण समाकल अपसारी.

छेद शून्य झाला म्हणजे अडचण असतेच, असेही नाही. sin x / x या फलनात x = 0 येथे छेद शून्य होतो, पण x ० कडे जाताना फलनाची किंमत १ कडे जाते आणि ते मर्यादित राहते; तेथे कसोटी लावण्याची गरजच नाही.

घातांकाचा नियम ० जवळ एक आणि अनंताजवळ नेमका उलटा, असे का?

तुलनेसाठी सर्वांत उपयोगी फलन म्हणजे 1/xᵖ. त्याचे समाकलन थेट करता येते आणि p ≠ 1 असताना x¹⁻ᵖ/(1 − p) मिळते. आता सगळे x¹⁻ᵖ कसे वागते यावर येऊन ठेपते. x अनंताकडे जाताना ही राशी शून्याकडे जाण्यासाठी 1 − p ऋण हवा, म्हणजे p > 1. x शून्याकडे जाताना तीच राशी शून्याकडे जाण्यासाठी 1 − p धन हवा, म्हणजे p < 1. नेमके p = 1 असेल तर समाकलन ln x येते आणि ते दोन्ही टोकांना अमर्याद होते.

आकृतीच्या भाषेत सांगायचे तर अनंताजवळ वक्राखालची शेपटी लांब असते, म्हणून ती पुरेशी झपाट्याने बारीक व्हायला हवी आणि घातांक मोठा हवा. शून्याजवळचा सुळका उंच असतो, म्हणून तो फार जाड असून चालत नाही आणि घातांक लहान हवा. यातून एक गोष्ट निघते, जी अनेकांना आधी पटत नाही: ∫₀^∞ dx/xᵖ हा समाकल कोणत्याही p साठी अभिसारी नाही, कारण एकच घातांक एकाच वेळी १ हून लहान आणि १ हून मोठा असू शकत नाही. आपले गणित अभिसारी ठरणार असेल, तर त्यातल्या फलनाला दोन टोकांना दोन वेगळ्या घातांकांप्रमाणे वागावे लागेल.

आता हे गणित पूर्ण सोडवून दाखवता येईल का?

प्रथम दोन्ही टोकांना छेदातले कोणते पद वरचढ आहे, ते पाहू. x फार मोठा असताना x³ च्या तुलनेत x नगण्य असतो. म्हणून समाकल्य 1/√(x³), म्हणजे 1/x^(3/2) सारखे वागते. x फार लहान असताना उलट घडते: x = 0.01 असेल तर x³ = 0.000001, म्हणजे x च्या दहा हजाराव्या भागाइतका. तेथे x टिकतो, x³ गळतो, आणि समाकल्य 1/√x सारखे वागते. अनंताजवळ मोठा घात ठेवायचा आणि शून्याजवळ लहान घात ठेवायचा, हे इथे लक्षात ठेवावे. दोन्हीकडे मोठाच घात ठेवण्याची सवय ही या प्रकारातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

अनंताजवळ p = 3/2 आहे, जो १ हून मोठा आहे. शून्याजवळ p = 1/2 आहे, जो १ हून लहान आहे. दोन्ही टोके अनुकूल आहेत, म्हणून समाकल अभिसारी असणार, हा अंदाज झाला. आता तो सिद्ध करू.

० ते १ या तुकड्यात x³ + x ≥ x, म्हणून 1/√(x³ + x) ≤ 1/√x. शिवाय ∫₀¹ dx/√x = 2. समाकल्य धन असल्यामुळे तुलना कसोटीनुसार हा तुकडा अभिसारी आहे आणि त्याचे मूल्य २ पेक्षा जास्त नाही.

१ ते ∞ या तुकड्यात x³ + x ≥ x³, म्हणून 1/√(x³ + x) ≤ 1/x^(3/2). शिवाय ∫₁^∞ dx/x^(3/2) = 2. हा तुकडाही अभिसारी आणि मूल्य पुन्हा २ पेक्षा जास्त नाही.

दोन्ही तुकडे अभिसारी, म्हणून संपूर्ण समाकल अभिसारी, आणि त्याचे मूल्य ४ हून कमी. प्रत्यक्ष मूल्य सुमारे ३.७०८ आहे. ते गॅमा फलनाच्या साहाय्याने Γ(1/4)²/(2√π) असे लिहिता येते, परंतु अभिसरण ठरवण्यासाठी त्याची मुळीच आवश्यकता नव्हती. दोन्ही मर्यादा २ याच आल्या, हा योगायोग नाही: x च्या जागी 1/x ठेवले की ० ते १ चा तुकडा हुबेहूब १ ते ∞ चा तुकडा बनतो, म्हणून दोन्ही तुकड्यांचे मूल्य समान, प्रत्येकी सुमारे १.८५४ आहे.

वर्गमुळाची रेघ फक्त x³ वर असेल तर काय होते?

मग गणित ∫₀^∞ dx / (√(x³) + x) असे होते. अनंताजवळ x^(3/2) हे पद x पेक्षा मोठे आहे, म्हणून तेथे काहीच बदलत नाही. शेपटी पूर्वीप्रमाणेच अभिसारी राहते. शून्याजवळ मात्र आता लहान घात x हा आहे, आणि तो वर्गमुळाच्या बाहेर आला आहे. समाकल्य 1/x सारखे वागते, p = 1 येतो, आणि समाकल अपसारी होतो.

हे गणित थेटही सोडवता येते, म्हणून पडताळा पाहून घ्यावा. u = √x असे घेतले तर dx = 2u du, आणि समाकल्य 2/(u(u + 1)) होते. त्याचे समाकलन 2 ln(u/(u + 1)) आहे. u अनंताकडे गेल्यावर हे ० कडे जाते, आणि u शून्याकडे गेल्यावर −∞ कडे जाते. म्हणजे दोष केवळ खालच्या टोकाचा आहे.

याच कारणाने कापलेली खालची सीमाही महत्त्वाची ठरते. आखूड रेघेच्या गणितात खालची सीमा 1 असेल तर समाकल अभिसारी होतो आणि त्याचे मूल्य 2 ln 2, म्हणजे सुमारे १.३८६ येते. लांब रेघेच्या गणितात मात्र 0 असो वा 1, उत्तर अभिसारीच राहते. तेव्हा फोटोत रेघ स्पष्ट दिसत असेल तर कापलेल्या सीमेची काळजी करण्याचे कारण नाही, आणि रेघ पुसट असेल तर तिचा निकाल लागल्याशिवाय पुढे जाऊ नये.

असमानता नेमकी उलट्या दिशेने आली तर तुलना कसोटी कशी वापरावी?

छेदात उणे चिन्ह आले की हा प्रश्न उभा राहतो. ∫₁^∞ dx / √(x³ − x) हे गणित घ्या. अनंताजवळ हे फलन 1/x^(3/2) सारखेच वागते, पण x³ − x हे x³ पेक्षा लहान असल्यामुळे समाकल्य 1/x^(3/2) पेक्षा मोठे आहे. अभिसारी समाकलापेक्षा आपला समाकल मोठा आहे, एवढ्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. येथे काही विद्यार्थी "म्हणून अपसारी" असे लिहून मोकळे होतात; तो निष्कर्ष चुकीचा आहे. अभिसरण दाखवायचे असेल तर वरून झाकणारे फलन अभिसारी हवे, आणि अपसरण दाखवायचे असेल तर खालून रेटणारे फलन अपसारी हवे. उरलेल्या दोन्ही जोड्या मुक्या आहेत.

यातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, थोडी ढील द्यायची: x ≥ 2 असताना x ≤ x³/2, म्हणून x³ − x ≥ x³/2, आणि समाकल्य √2/x^(3/2) पेक्षा जास्त नाही. गुणकाने अभिसरणावर परिणाम होत नाही, म्हणून २ ते ∞ हा भाग अभिसारी. दुसरा मार्ग सीमा-तुलना कसोटीचा: दोन धन फलनांच्या भागाकाराची सीमा एखादी मर्यादित, शून्याहून मोठी संख्या असेल तर त्या टोकापाशी दोन्ही समाकल एकत्र अभिसारी किंवा एकत्र अपसारी असतात. येथे तो भागाकार √(x³/(x³ − x)) असून त्याची सीमा १ आहे. मला पहिला मार्ग अधिक आवडतो, कारण त्यातून मूल्याचा अंदाजही मिळतो. पण परीक्षेत वेळ कमी असताना दुसरा अधिक निर्धोक आहे.

या गणितात x = 1 येथेही अडचण आहे, आणि ती हमखास राहून जाते. x³ − x = x(x − 1)(x + 1) असे अवयव पाडले की दिसते की १ जवळ छेद √2 · √(x − 1) सारखा वागतो. p = 1/2, म्हणून तेही टोक अभिसारी आहे आणि संपूर्ण समाकल अभिसारी ठरतो. येथे घातांक x चा नव्हे, तर x − 1 चा मोजायचा असतो.

घातांक नेमका १ आला आणि सोबत लॉगरिदम असेल तर?

ही सीमारेषेवरची परिस्थिती आहे, आणि फोटोतला लहानसा 2 येथेच सर्वाधिक दगा देतो. पुढील दोन गणिते पाहा:

∫₂^∞ dx / (x ln²x)  आणि  ∫₂^∞ dx / (x ln x²)

दोन्हींत t = ln x घेतले की dx/x = dt होतो. पहिल्यात ∫ dt/t² उरतो, जो अभिसारी आहे; त्याचे मूल्य 1/ln 2, म्हणजे सुमारे १.४४३. दुसऱ्यात ln x² = 2 ln x असल्यामुळे ½ ∫ dt/t उरतो, आणि तो अपसारी आहे. वर्ग लॉगरिदमचा आहे की x चा, एवढाच फरक. छापील पुस्तकात 2 हा ln ला चिकटलेला आहे की x ला, हे फोटो मोठा करून पाहावे. हस्ताक्षर असेल तर लिहिणाऱ्याला विचारणे हाच खरा उपाय आहे.

मोठी वरची सीमा घेऊन कॅल्क्युलेटरवर मूल्य काढले आणि ते स्थिरावताना दिसले, तर तेवढा पुरावा पुरेसा नाही का?

नाही, आणि वरचीच जोडी याचे उत्तम उदाहरण आहे. 1/(x ln x) चे २ पासून दहा लाखांपर्यंत समाकलन केले तर सुमारे २.९९ येते. सीमा दहा लाख पटींनी वाढवून १ वर १२ शून्ये इतकी केली, तर मूल्य केवळ ३.६९ च्या आसपास पोहोचते. पाहणाऱ्याला ते स्थिरावतेय असे वाटेल, परंतु ते ln(ln x) च्या मंद गतीने निरंतर वाढत असते आणि कधीच थांबत नाही. उलट 1/(x ln²x) हा अभिसारी समाकल दहा लाखांपर्यंत १.३७० देतो आणि त्याच मोठ्या सीमेपर्यंत १.४०७, म्हणजे तोही अजून हळूहळू वाढतानाच दिसतो. दोन आकड्यांकडे पाहून दोहोंतला फरक ओळखता येत नाही. आकडेमोड ही सिद्ध केलेल्या उत्तराचा पडताळा म्हणून चांगली आहे: आपल्या मूळ गणितात मूल्य ४ च्या पुढे गेले असते, तर सिद्धतेत चूक आहे हे तत्काळ समजले असते.

अडचण अंतरालाच्या मध्ये असेल आणि ती लक्षातच आली नाही, तर ते कसे ओळखावे?

∫₋₁² dx/x² या गणितात −1/x मध्ये दोन्ही सीमा ठेवल्या की −3/2 येते. समाकल्य सर्वत्र धन असताना मूल्य ऋण येऊच शकत नाही; ही धोक्याची घंटा आहे. x = 0 येथे p = 2 आहे, म्हणून हा समाकल अपसारी आहे आणि −3/2 या संख्येला काही अर्थ नाही. प्रत्येक वेळी उत्तर इतके उघड चुकीचे दिसेल असे मात्र नाही, म्हणून छेदाचे अवयव आधीच पाडून ठेवावेत. ∫₀^∞ dx/(x² + 3x + 2) हा समाकल अभिसारी असून त्याचे मूल्य ln 2 आहे, पण मधले चिन्ह उणे असेल तर x² − 3x + 2 = (x − 1)(x − 2) होते, अंतरालाच्या मध्ये १ आणि २ या दोन जागी p = 1 ची अडचण येते आणि समाकल अपसारी होतो.

∫₋₁¹ dx/x बद्दल अनेकदा असे विचारले जाते की डावा आणि उजवा भाग एकमेकांना रद्द करत नाहीत का. दोन्ही बाजूंनी सारखेच अंतर सोडले तर ० मिळते हे खरे, पण डावीकडे ε आणि उजवीकडे 2ε सोडले तर −ln 2 मिळते. अंतर कसे सोडले यावर उत्तर अवलंबून राहत असेल, तर तो समाकल अभिसारी म्हणता येत नाही. म्हणूनच प्रत्येक बाजूची सीमा स्वतंत्रपणे घेण्याचा नियम आहे.

समाकल्याचे चिन्ह सतत बदलत असेल तर हीच कसोटी चालते का?

तुलना कसोटी धन फलनांसाठी आहे. चिन्ह बदलत असेल तर प्रथम केवल मूल्य घेऊन पाहावे. केवल मूल्याचा समाकल अभिसारी असेल तर मूळ समाकलही अभिसारी असतो. उलट विधान मात्र खरे नाही. ∫₁^∞ (sin x / x) dx अभिसारी आहे, जरी ∫₁^∞ |sin x|/x dx अपसारी असला तरी. येथे भागशः समाकलन उपयोगी पडते: −cos x/x या पदाला सीमा आहे, आणि उरलेला ∫ cos x/x² dx हा 1/x² शी तुलना करून अभिसारी ठरतो.

येथेही वर्गाचा 2 कुठे आहे ते पाहावे. ∫₁^∞ (sin²x / x) dx अपसारी आहे, कारण sin²x = (1 − cos 2x)/2 असल्यामुळे त्यात ½ · 1/x हा अपसारी भाग उघडा पडतो, आणि cos 2x चा भाग अभिसारी असल्यामुळे तो त्याला सावरू शकत नाही. ∫₁^∞ (sin(x²) / x) dx मात्र अभिसारी आहे.

उत्तर किती तपशिलाने लिहावे, आणि फोटोतली खूण शेवटपर्यंत वाचता आलीच नाही तर काय करावे?

अडचणीच्या जागांची नावे, कुठे तोडले ते, प्रत्येक तुकड्यासाठी वापरलेली असमानता किंवा भागाकाराची सीमा, ज्या समाकलाशी तुलना केली त्याचा p, आणि निष्कर्ष, एवढे लिहिले की उत्तर पूर्ण होते. "x³ वरचढ आहे म्हणून अभिसारी" एवढेच लिहिले तर तो अंदाज राहतो, आणि त्यात शून्याजवळच्या टोकाचा उल्लेखही नसतो.

खूण वाचता येत नसेल तर दोन्ही वाचनांसाठी निर्णय काढून पाहावा. वरची सीमा ∞ की 8, हे आपल्या मूळ गणितात कळले नाही, तरी निर्णय अभिसारी हाच येतो, कारण दोन्ही टोके स्वतंत्रपणे अनुकूल आहेत. मग ते तसे नमूद करून उत्तर द्यावे. दोन वाचनांचे निर्णय वेगळे येत असतील, जसे रेघेच्या लांबीने येतात, तर "वर्गमूळ x³ + x या संपूर्ण राशीचे असेल तर अभिसारी, केवळ x³ चे असेल तर x = 0 येथे अपसारी" असे दोन्ही लिहावे आणि त्याच पानाचा, सरळ वरून, पुरेशा उजेडात घेतलेला दुसरा फोटो मागवावा.